टायरचा पिवळा दिवा: कधी स्वतः रीसेट करायचा, कधी गाडी गॅरेजला न्यायची

[दृश्य: इंदूर, रामबाग. जानेवारीची सकाळ. घराबाहेर उभी गाडी, काचेवर दव.]

निवेदन: चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागतात आणि विझतात. आज एक विझला नाही. पिवळा आहे. कढई मधोमध कापल्यासारखं चित्र आणि आत उद्गारचिन्ह. हा टायरच्या हवेचा दिवा.

इंदुरात या दिवसांत रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. तापमान साधारण सहा अंशांनी उतरलं की टायरची हवा सुमारे एक पीएसआय कमी होते. म्हणून थंडीत चारही टायर थोडे बसतात, त्यात दोष काही नाही. पण दिवा लागला आहे, तेव्हा आधी मोजायचं.

[दृश्य: ड्रायव्हरचं दार उघडं. दाराच्या खांबावरचा स्टिकर.]

किती हवा हवी ते या स्टिकरवर असतं. या गाडीला 33. टायरच्या कडेवर कोरलेला मोठा आकडा बघू नका, ती टायरची कमाल मर्यादा आहे. मोजणी थंड टायरवर करायची, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा दोनेक किलोमीटरच चाललेली. महूहून चालवत आणून पंपावर तापलेल्या टायरमध्ये 33 भरली, तर सकाळी ती तीन-चार पीएसआयनं कमी भरते.

[दृश्य: गेजचा काटा, जवळून.]

तीन टायर 30. मागचा उजवा 24. चारही 33 वर आणले. आता रीसेट.

इथेच बहुतेकांची चूक होते. पुष्कळ गाड्यांत टायरच्या आत सेन्सर नसतोच. ज्या टायरची हवा उतरते त्याचा घेर किंचित लहान होतो आणि ते चाक जरा जास्त फिरतं. एबीएसचे सेन्सर चाकांचा वेग मोजतच असतात, त्यावरून गाडीचा संगणक हवा ताडतो. रीसेट म्हणजे त्याला सांगणं, की आत्ताची हवा बरोबर, हीच लक्षात ठेव. हवा न भरता बटण दाबलं, तर तो 24 लाच बरोबर धरून बसतो. दिवा विझतो आणि पुढचा इशारा फार उशिरा मिळतो. म्हणून आधी हवा, मग बटण. बटण कुठे आहे, किती वेळ दाबायचं, मेनूत कुठून जायचं हे गाडीगणिक वेगळं, ते मॅन्युअलमधूनच घ्या. नंतर काही वेळ गाडी चालवावी लागते, तेवढ्यात तो नव्यानं शिकतो. टायरच्या आत सेन्सर असलेल्या गाड्यांत बहुधा काहीच दाबावं लागत नाही, हवा भरून थोडं चालवलं की दिवा आपोआप विझतो.

[दृश्य: दोन दिवसांनी. तोच दिवा.]

मागचा उजवा पुन्हा 26. आता रीसेट करायचं नाही, पंक्चरवाल्याकडे जायचं. साबणाच्या पाण्यात खिळ्याभोवती बारीक बुडबुडे दिसतात. खिळा मधल्या नक्षीत असेल तर पंक्चर निघतं. टायरच्या कडेच्या भिंतीत असेल तर टायरच बदलावा लागतो.

याच दिव्याचं दुसरं वागणं ओळखा. गाडी सुरू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर राहिला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ हवा कमी असा नसतो, यंत्रणाच बिघडली असा असतो. टायरमधल्या सेन्सरची बॅटरी संपलेली असू शकते. सोबत एबीएसचाही दिवा असेल तर चाकाचा सेन्सर किंवा त्याची वायर बघावी लागते. हे काम गॅरेजचंच.

[दृश्य: डॅशबोर्डवर पान्याचं चित्र.]

पान्याचा सर्व्हिसचा दिवा बऱ्याच गाड्यांत किलोमीटर आणि दिवस मोजणारा असतो. ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर तो मॅन्युअल बघून घरी रीसेट करता येतो. न बदलता केलात, तर मोजणी जुन्याच ऑइलवर शून्यापासून सुरू होते.

चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग यांचं तसं नाही. हे दिवे मोजत नाहीत, सापडलेला दोष नोंदवतात. चेक इंजिनसाठी घरी एवढंच बघा: पेट्रोलचं झाकण सैल आहे का? असेल तर आवळा, दिवा काही फेऱ्यांनंतर आपोआप जातो. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो, तेव्हा गाडी हळू बाजूला घ्या. आणि तेलाच्या झारीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर लगेच सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. काही मिनिटांनी डिपस्टिक बघा. ऑइल पुरेसं असूनही दिवा लागत असेल तर इंजिन पुन्हा सुरू करू नका, टोइंग बोलवा.

बॅटरीची तार काढून दिवा विझवून देतो असं कुणी म्हटलं, तर नाही म्हणा. पुष्कळदा त्यानं नोंदलेला कोड आणि दोष घडला तेव्हाचे आकडेही पुसले जातात. गॅरेजात स्कॅनर लावला की पडद्यावर P0301 असं काही उमटेल, म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसफायर. तो पुसण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या.