सकाळचा आकडा

[दृश्य: खानापूर तालुक्यातलं कौलारू घर. बाहेर पावसाची झड. आत तबल्याच्या गठ्ठ्यावर हातोडीचा टोला.]

खानापूरकडचा पाऊस एकदा लागला की तबल्याची पुडी ओल धरते. मघाशी चढवलेला सूर थोड्या वेळानं उतरलेला असतो, आणि हातोडी पुन्हा हातात घ्यावी लागते.

ही मुलगी सोळा वर्षांची आहे. तबल्याची मध्यमा तिनं पूर्ण केली आहे. आठवड्यातून दोनदा बसनं बेळगावला गुरुजींकडे जाते, आणि रोज संध्याकाळी घरी तासभर रियाज करते. गेले चार महिने तिच्या हाताखाली दिल्ली बाजाचा, म्हणजे दिल्लीच्या वादनशैलीचा, हा कायदा आहे. कायदा म्हणजे तबल्याच्या बोलांची बांधलेली रचना:

धाति टधा तिट धाधा | तिट धागे तिना किना
ताति टता तिट ताता | तिट धागे धिना गिना

[दृश्य: मोबाइलवरचा मेट्रोनोम. आकडा ८८.]

मेट्रोनोम मिनिटाला ८८ ठोके देतो आणि ती दर ठोक्याला चार बोल वाजवते. म्हणजे सेकंदाला जवळपास सहा बोल. इथवर सगळं साफ येतं. ९२ केलं की ‘तिट’मधला ‘ट’ गिळला जातो. मग ती पुन्हा ८८ वर येते आणि अख्खा कायदा पहिल्यापासून वाजवते. रोज चाळीस-पन्नास वेळा.

रियाजाच्या शेवटी, हात तापल्यावर, ती कधीकधी ९६ पर्यंत पोचते. त्या रात्री घरात सगळ्यांना वाटतं की आता जमलं. सकाळी शाळेला जायच्या आधी तबल्यावर बसली की आकडा पुन्हा ८८.

हा रात्रीचा आणि सकाळचा फरक फार महत्त्वाचा आहे. एकच गोष्ट पन्नास वेळा सलग केली की हात तेवढ्यापुरता सरावतो. पुढचा बोल कुठला, बोट कुठे जाणार, हे शोधावं लागत नाही, कारण मघाशीच ते केलेलं असतं. सकाळी मात्र कोऱ्या हातानं सगळं पुन्हा आठवावं लागतं, आणि नेमकं त्या आठवण्याचा रियाज कधी झालेलाच नसतो.

[दृश्य: बेळगाव. गुरुजींची खोली. भिंतीला टेकवलेली हार्मोनियम, दोन तबले, एक डग्गा.]

गुरुजींनी तिला जास्त रियाज करायला सांगितलं नाही. त्यांनी मोबाइल मागितला, तिचा उजवा हात अगदी जवळून रेकॉर्ड केला आणि तो संथ गतीत लावला. म्हणाले, “आता तुझं बोट काय करूलालंय ते बघ.”

[दृश्य: संथ गतीत उजवा हात. तर्जनी शाईवर, मग चाटेवर.]

नीट पाहा. या बाजात ‘ति’ मधल्या बोटानं शाईवर, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलावर वाजतो आणि ‘ट’ तर्जनीनं शाईवर. ‘धा’साठी पुन्हा तीच तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर येते. म्हणजे ‘टधा’ म्हणताना एकाच बोटाला लागोपाठ दोनदा वाजवायचं आहे, आणि मधल्या सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात शाईवरून चाटेवर पोचायचं आहे. अख्ख्या कायद्यात सगळ्यात अवघड जागा ही एवढीच. ‘धागे’ला उजव्या हाताला उसंत मिळते, कारण ‘गे’ डाव्या हाताच्या डग्ग्यावर आहे. ‘टधा’ला ती मिळत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये दिसलं की ती दर ‘ट’नंतर तर्जनी अंगठ्याच्या पेराइतकी वर उचलते, मग चाटेवर आणते. संथ लयीत याला पुरेसा वेळ असतो आणि आवाजही टणक येतो. लय वाढली की तो वेळच उरत नाही. संथ वाजवताना बोट सुटं उचललं तरी चालतं, द्रुत लयीत मात्र मनगटातून हात कलावा लागतो. या दोन वेगळ्या हालचाली आहेत. संथ हालचालीला कितीही घोटलं तरी तिच्यातून दुसरी निघत नाही, आणि पुष्कळ विद्यार्थ्यांची वर्षं इथंच जातात.

म्हणून गुरुजींनी पहिल्यांदा अख्खा कायदा बंद केला. फक्त ‘तिटधा’ ठेवला. तीन बोल, पण ठोक्याला चार या हिशेबानं.

[दृश्य: तिचा हात आणि पढंत: तिटधा तिटधा तिटधा तिटधा.]

चार वेळा म्हटलं की बारा बोल होतात, म्हणजे बरोबर तीन मात्रा. ठोका आधी ‘ति’वर पडतो, मग ‘ट’वर, मग ‘धा’वर. ज्या ‘ट’ला ती नेहमी गिळत होती, त्यावरच आता वजन येतं. दुसऱ्या दिवशी तीच माळ ‘धातिट’ अशी सुरू करायची, तिसऱ्या दिवशी ‘टधाति’ अशी. बोल तेच, सुरुवात वेगळी. कुठून उचललं तरी हात अडखळत नाही, तेव्हाच तो बोल बसला असं समजायचं.

दुसरा बदल लयीचा. मेट्रोनोम एकदम १०४ वर, पण वाजवायचं फक्त ‘धातिटधातिट धा’. सातच बोल, आणि मग दोन मात्रा हात मांडीवर. एवढ्या छोट्या तुकड्यात हाताला ताठ व्हायला वेळ मिळत नाही, आणि द्रुत लयीतली खरी हालचाल कशी असते ते बोटांना कळतं. पुढे तुकडा एकेका मात्रेनं वाढवायचा. खांदा वर चढला किंवा करंगळी ताठ झाली की तुकडा पुन्हा लहान. कोपराच्या खाली दुखायला लागलं तर त्या दिवशी तबला बंद.

तिसरा बदल तिला मुळीच आवडला नाही. संध्याकाळच्या तासाची वाटणी झाली: पाच मिनिटं हा कायदा, पाच मिनिटं ‘तिरकिट’चा, पाच मिनिटं झपताल, आणि असे चार फेरे. दर वेळी कायद्याकडे परतताना हात गार झालेला असायचा. पहिल्या आठवड्यात रात्रीचा आकडा ९६ वरून ८४ वर आला. आई म्हणाली, “अगं, वाजवणं बिघडलं की काय?”

बिघडलं नव्हतं. १९७९ साली शी आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. हातात टेनिसचा चेंडू घेऊन लाकडी फळ्या ठरलेल्या क्रमानं पाडायच्या, आणि असे क्रम तीन. काहींनी एक क्रम पुरता घोटून मग दुसरा घेतला, काहींनी तिन्ही मिसळून केले. सराव चालू असताना मिसळून करणारे मागे होते. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा तेच पुढे निघाले. परत येताना दर वेळी क्रम नव्यानं आठवावा लागल्यामुळे तो पक्का झाला, असं याचं एक कारण सांगितलं जातं.

मात्र ही पद्धत कालपरवा तबल्यावर बसलेल्या मुलासाठी नाही. ज्याचा ‘ति’ आणि ‘ट’ अजून वेगळे ऐकू येत नाहीत, त्यानं तीन गोष्टी मिसळल्या तर तिन्ही कच्च्या राहतील. आणि बोटाची चूक तशीच ठेवून नुसतं मिसळलं, तर एका कायद्यातली चूक तीन ठिकाणी पसरेल. म्हणून आधी ‘टधा’, मग बाकीचं.

[दृश्य: वही. तारखा आणि त्यांच्यापुढे आकडे.]

आता वहीत रात्रीचा आकडा लिहायचा नाही, फक्त सकाळचा. उठल्यावर, हात न तापवता, पाच आवर्तनं रेकॉर्ड करायची. पाचातली चार साफ आली तरच तो आकडा लिहायचा. पहिले दोन आठवडे ८८. तिसऱ्यात एकदा ८४, त्या दिवशी पुडीही उतरलेली होती. पाचव्यात ९२. आठव्या आठवड्यात, गणपतीच्या आदल्या दिवशी, ९६.

[दृश्य: गुरुजी हार्मोनियमवर नगमा, म्हणजे साथीची फिरती धून, धरतात. ती कायदा वाजवते. कॅमेरा उजव्या हातावरून डाव्या हाताकडे सरकतो.]

आज उजव्या हाताचा ‘ट’ स्पष्ट आहे. गुरुजी मात्र डग्ग्याकडे कान लावून बसलेत. लय वाढल्यावर ‘धागे’मधल्या ‘गे’ची घुमक गेली आहे, नुसता थाप मारल्यासारखा आवाज येतो. ते नगमा थांबवतात, मोबाइल उचलतात आणि या वेळी डाव्या मनगटासमोर धरतात.