शेवटची चौकट: भावी रोख प्रवाहांवरून कंपनीचे मूल्य

[पडद्यावर एक तक्ता: पाच अरुंद स्तंभ आणि त्यांच्या उजवीकडे एक चौकट]

या तक्त्यातील पाच स्तंभ म्हणजे एका कंपनीची पुढील पाच वर्षे, आणि उजवीकडच्या चौकटीत त्यानंतरचा सगळा काळ बसवायचा आहे. मूल्यांकन करणाऱ्याचे बहुतेक श्रम पहिल्या पाच स्तंभांवर खर्च होतात, कारण तिथे विक्री, खर्च, कर असे हाताशी धरता येण्याजोगे आकडे असतात. मूल्याचा मोठा हिस्सा मात्र त्या शेवटच्या चौकटीतून येतो, आणि तिथला आकडा अनेकदा दोन मिनिटांत लिहिला जातो. या चित्रफितीत आपण एका काल्पनिक कंपनीचे मूल्य पायरीपायरीने काढू आणि त्या चौकटीपाशी अधिक वेळ थांबू. आकड्यांना चलन जोडलेले नाही. ते कोणत्याही चलनात वाचता येतील.

कंपनीची पहिल्या वर्षाची विक्री १,००० आहे आणि व्याज व कर वजा करण्यापूर्वीचा तिचा नफा २०० आहे. २५ टक्के दराने ५० कर गेल्यावर १५० उरतात. इथे व्याज वजा केलेले नाही, कारण आपण मोजत असलेला प्रवाह कर्ज देणारे आणि भागधारक या दोघांचा मिळून आहे. त्यांच्यातली वाटणी शेवटी होईल. या १५० मध्ये ४० घसारा परत मिळवायचा, कारण तो हिशेबात खर्च असला तरी त्या वर्षी पैसा बाहेर गेलेला नसतो. मग यंत्रे व इमारतींवर झालेला ८० चा भांडवली खर्च आणि माल व उधारीत अडकलेले वाढीव खेळते भांडवल १०, हे दोन्ही वजा करायचे. हाती उरतात १००. यालाच मुक्त रोख प्रवाह म्हणतात: धंदा चालवून आणि त्याच्या वाढीची तरतूद करून मालकांना व सावकारांना काढून घेता येईल अशी रक्कम.

याच हिशेबात दडलेला आणखी एक आकडा लक्षात ठेवावा, तो पुढे लागणार आहे. करानंतरच्या १५० पैकी घसारा भरून निघाल्यावर निव्वळ ५०, म्हणजे एक तृतीयांश, धंद्यात पुन्हा गुंतवले गेले. पुढील वर्षी नफा १० टक्क्यांनी, म्हणजे १५ ने वाढेल असा अंदाज आहे. ५० गुंतवून वर्षाला १५ अधिक मिळत असतील, तर नव्या भांडवलावरचा परतावा ३० टक्के झाला. वाढीचा दर १० टक्के आणि गुंतवणुकीचे प्रमाण तेच राहिले, तर पाच वर्षांचे प्रवाह असे येतात: १००, ११०, १२१, १३३ आणि १४६.

[पडद्यावर पाचही स्तंभ भरतात, मग प्रत्येक आकडा हळूहळू लहान होतो]

आता हे पाच आकडे आजच्या मूल्यात आणायचे आहेत, आणि त्यासाठी लागतो वटणावळीचा दर, ज्याला व्यवहारात सगळे डिस्काउंट रेटच म्हणतात. त्याला महागाईची भरपाई किंवा भीतीचे माप समजण्याची चूक सहज होते. खरे तर हा दर म्हणजे सोडून दिलेल्या पर्यायाचा परतावा. हाच पैसा तितकीच जोखीम असलेल्या दुसऱ्या ठिकाणी गुंतवला असता आणि तिथे वर्षाला १२ टक्के मिळाले असते, तर वर्षानंतरच्या १०० साठी आज ८९ पेक्षा जास्त देणे तोट्याचे ठरते, कारण ८९ तिकडे ठेवले तर वर्षअखेर त्यांचे सुमारे १०० होतातच. पाच वर्षांनंतरच्या १०० साठी हीच रक्कम ५७ पर्यंत उतरते.

हे १२ टक्के आले कुठून, तेही पाहू. भागधारकांच्या अपेक्षेसाठी विल्यम शार्प यांनी १९६४ साली मांडलेल्या प्रारूपाचा आधार घेतला जातो. जोखीममुक्त दर ७ टक्के, एकूण शेअर बाजाराकडून त्यावर अपेक्षित असलेला जादा परतावा ५ टक्के आणि या कंपनीचा बीटा १.४ धरला, तर ७ अधिक १.४ गुणिले ५, म्हणजे १४ टक्के येतात. बीटा हे कंपनीच्या एकूण चढउताराचे माप नव्हे. बाजारासोबत ती किती हलते एवढेच तो सांगतो. ज्याची गुंतवणूक शंभर कंपन्यांमध्ये विखुरलेली आहे, त्याला एखाद्या कारखान्यात आग लागण्याच्या धोक्याबद्दल बाजार जादा परतावा देत नाही. तो धोका प्रवाहांच्या अंदाजात सरासरीने धरायचा असतो. तिथेही धरून वर दरातही दोन टक्के वाढवणारे मूल्यांकनकार पुष्कळ आहेत. असे केल्याने एकाच जोखमीची शिक्षा दोनदा होते.

कर्जाचा व्याजदर ८ टक्के आहे, पण व्याजामुळे कर वाचत असल्याने कंपनीला तो ६ टक्क्यांना पडतो. बाजारमूल्यानुसार तीन चतुर्थांश भाग भागधारकांचा आणि एक चतुर्थांश कर्जाचा असेल, तर भारित सरासरी होते १०.५ अधिक १.५, म्हणजेच १२ टक्के. आपला प्रवाह दोघांचा होता, म्हणून दरही दोघांचा मिळून घेतला. व्याज वजा केलेला प्रवाह घेऊन त्याला हा सरासरी दर लावला, तर उत्तर चुकते आणि तक्ता पाहून ते चटकन कळतही नाही.

या दराने पाच प्रवाहांचे आजचे मूल्य होते ८९, ८८, ८६, ८५ आणि ८३, बेरीज ४३१. रोकड वर्षअखेरीस एकदम न येता वर्षभर येत असते, त्यामुळे काटेकोर हिशेबात प्रत्येक प्रवाह सहा महिने अलीकडे धरतात आणि मूल्य सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. आपण सोयीसाठी वर्षअखेरच धरू.

[पडद्यावर उजवीकडची चौकट उजळते]

आता ती चौकट. दरवर्षी १०० देणारा प्रवाह कधीच थांबणार नसेल, तरी १२ टक्क्यांच्या दराने त्याचे मूल्य अनंत होत नाही. ८३३ गुंतवले की १२ टक्क्यांनी दरवर्षी १०० मिळतात आणि मुद्दल तसेच राहते. म्हणून मूल्य ८३३. प्रवाह दरवर्षी थोडा वाढणार असेल, तर भागाकारात दराऐवजी दर आणि वाढ यांतील अंतर येते. १९५६ साली मायरन गॉर्डन आणि एली शपिरो यांनी लाभांशासाठी मांडलेले हे सूत्र आज गॉर्डन यांच्या नावाने ओळखले जाते.

[पडद्यावर: अंतिम मूल्य = सहाव्या वर्षाचा प्रवाह ÷ (दर − वाढ)]

पाच वर्षांनंतर वाढ ४ टक्क्यांवर स्थिरावेल असे धरू. सहाव्या वर्षाचा प्रवाह १५२ येतो, अंतर ८ टक्के, म्हणून पाचव्या वर्षाच्या अखेरीस अंतिम मूल्य १,९०३. ते आजच्या मूल्यात १,०८० होते. पाच वर्षांचे ४३१ मिळवले की कंपनीचे एकूण मूल्य १,५११, आणि त्यातला सुमारे ७१ टक्के भाग चौकटीतला.

हा आकडा पाहून पद्धतच निरुपयोगी आहे असे म्हणणारे भेटतात, पण त्यांचे कारण बरोबर नाही. त्याच ४ टक्के वाढीने सहावे ते दहावे वर्ष वेगळे लिहून काढले, तर चौकटीचा वाटा ४९ टक्क्यांवर येतो आणि एकूण मूल्य तेच १,५११ राहते. वाटा किती दिसतो, हे रेघ कुठे मारली यावर ठरते. खरी अडचण भागाकारातल्या अंतराची आहे. वाढ ४ ऐवजी ५ टक्के लिहिली की अंतर ८ वरून ७ वर येते आणि अंतिम मूल्य १,९०३ वरून २,१९६ वर जाते. सोबत दरही ११ टक्के केला, तर कंपनीचे एकूण मूल्य १,५११ वरून १,९६३ होते, म्हणजे एकेका टक्क्याच्या दोन बदलांनी तब्बल ३० टक्के वाढ. ज्याला हवे ते उत्तर काढायचे आहे, तो बहुधा इथेच हात घालतो.

पण वाढ ५ टक्के लिहिताना तक्त्यात आणखी एक गोष्ट बदलायला हवी होती. जास्त वाढायचे तर जास्त गुंतवावे लागते, आणि वरच्या हिशेबात गुंतवणूक नफ्याच्या एक तृतीयांशच राहिली आहे. एक तृतीयांश गुंतवून ४ टक्के वाढ मिळते, याचा अर्थ नव्या भांडवलावरचा परतावा १२ टक्के आहे. तेवढ्याच गुंतवणुकीतून ५ टक्के वाढ मिळवायची, तर तो १५ टक्के हवा. मूल्यांकनकाराने वाढीचा आकडा बदलला असे त्याला वाटते; त्याने परतावाही गुपचूप वाढवलेला असतो.

परतावा १२ टक्क्यांवरच ठेवून ५ टक्के वाढ हवी असेल, तर सहाव्या वर्षाच्या २३१ नफ्यातून ९६ गुंतवावे लागतात आणि प्रवाह १५२ ऐवजी १३५ उरतो. त्याला ७ टक्क्यांनी भागले की अंतिम मूल्य येते १,९२२. आधीच्या १,९०३ पासून हा फरक जेमतेम एक टक्क्याचा आहे, आणि तोसुद्धा सहाव्या वर्षाचा नफा थोडा मोठा धरल्यामुळे. नवे भांडवल दराइतकेच कमावत असेल, तर त्यातून होणारी वाढ मूल्यात भर घालत नाही, कारण मालकाने तोच पैसा काढून बाहेर गुंतवला असता तरी त्याला तितकेच मिळाले असते. म्हणून चौकट तपासताना वाढीच्या आकड्याशेजारी गुंतवणुकीचे प्रमाण आणि त्यातून निघणारा परतावा लिहून पाहावा. शिवाय ही वाढ कायमची असल्याने ती अर्थव्यवस्थेच्या वाढीहून अधिक असू शकत नाही; तशी धरली तर एक ना एक दिवस कंपनी अर्थव्यवस्थेपेक्षा मोठी होईल.

[पडद्यावर १,५११ चा आकडा, त्याखाली कर्ज, रोकड आणि शेअर]

आता वाटणी. १,५११ मधून ३८० कर्ज वजा केले आणि धंद्याला न लागणारी ६९ रोकड मिळवली, की भागधारकांसाठी १,२०० उरतात. शेअर १०० असतील, तर एका शेअरचे मूल्य १२ होते.

समजा बाजारात भाव १५ चालू आहे. त्यावर बाजार चुकला असे लगेच म्हणण्याऐवजी हाच हिशेब उलटा करता येतो. १५ च्या भावात संपूर्ण कंपनी १,८११ ची होते, त्यातून ४३१ गेले की चौकटीच्या वाट्याला आजचे १,३८० येतात, आणि पाच वर्षांनंतर ते २,४३२ भरतात. वाढ ४ टक्केच ठेवली, तर एवढ्या मूल्यासाठी सहाव्या वर्षी १९५ चा प्रवाह हवा. त्या वर्षीच्या २२८ नफ्यातून मग फक्त ३४ गुंतवायचे उरतात, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास, आणि तेवढ्यावर ४ टक्के वाढ मिळवायला नव्या भांडवलाने २७ टक्के कमावले पाहिजेत. ही कंपनी आज ३० टक्के कमावते. १५ चा भाव देणारा माणूस ती जवळपास तसेच कायम कमावत राहील असे मानतो आहे, आणि १२ हे मूल्य काढणारा माणूस पाच वर्षांत प्रतिस्पर्धी येऊन तो जादा नफा संपवतील असे. या दोघांपैकी कोण बरोबर, हे तक्त्यातून निघत नाही. त्यासाठी कंपनीचे पेटंट कधी संपते, ग्राहकाला दुसरीकडे जायला किती खर्च येतो आणि तसाच कारखाना उभारायला दुसऱ्याला किती वर्षे लागतात, हे पाहावे लागते.