लाल ज्योत, दोन दावेदार

[दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर दोन फोटो शेजारी शेजारी. दोन्हींत बन्सन बर्नर, तारेचं टोक आणि लाल ज्योत.]

डावीकडच्या फोटोत लिथियम क्लोराइड जळतंय, उजवीकडच्यात स्ट्रॉन्शियम क्लोराइड. आता फोटोंची जागा बदलली आणि कोणता कुठला हे विचारलं, तर रसायनशास्त्राचे मुरलेले शिक्षकही घुटमळतील. पुस्तकात दोन्हींसाठी ‘किरमिजी’ किंवा ‘गडद लाल’ असं लिहिलेलं असतं. छापील शब्द वेगळे, पण फोटोतला रंग जवळपास एकच.

असा फोटो हाती आल्यावर त्यातून धातू कसा ओळखायचा, आणि कुठे थांबायचं, हे आपण एकाच फोटोवर पाहू.

[दृश्य: फोटो मोठा होतो. ज्योतीचा गाभा पांढरट, भोवती गुलाबी-लाल पट्टा, शेंड्याला पिवळी छटा, तळाशी निळा शंकू.]

हा मोबाइलने काढलेला फोटो आहे. नजर पहिली जाते ती मधल्या झगझगीत भागाकडे, आणि नेमका तोच भाग बाजूला ठेवायचा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरवे आणि निळे असे तीन प्रकारचे गाळणीचे ठिपके असतात. उजेड फार झाला की आधी लाल ठिपके भरतात आणि 255 च्या वर मोजत नाहीत. उजेड वाढतच राहतो, मग हिरवे आणि निळे ठिपकेही वर चढतात. म्हणून खरी लाल ज्योत मध्यभागी गुलाबी, नारिंगी, शेवटी पांढरी दिसते. तो रंग धातूचा नव्हे, सेन्सरच्या मर्यादेचा. वाचायचा तो कडेचा पट्टा, जिथे उजेड मध्यम आहे.

आता शेंड्याची पिवळी छटा. हे सोडियम. ते तारेवरच्या जुन्या मिठातून येतं, बोटाच्या घामातून येतं, हवेतल्या धुळीतूनही येतं. हायडेलबर्गमध्ये रॉबर्ट बन्सन आणि गुस्टाव्ह किर्कहॉफ यांनी एक प्रयोग केला आणि तो 1860 मध्ये प्रसिद्ध केला. खोलीच्या एका कोपऱ्यात त्यांनी 3 मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट स्फोटाने उडवलं. थोड्या वेळाने दूरच्या कोपऱ्यातली ज्योत पिवळी झाली. मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाइतकं सोडियमही दिसतं, असा त्यांचा हिशेब होता. तेव्हा फोटोत पिवळं दिसलं म्हणून ‘सोडियमचा क्षार’ असं लिहून मोकळं होऊ नये. संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून तापवलेली तार कोरडीच ज्योतीत धरल्यावर काय दिसतं, याचा आधीचा फोटो असेल तरच त्या पिवळ्याला अर्थ येतो. इथे शेंड्याचं पिवळं लक्षात ठेवा. पुढे ते आपल्या कामाला येणार आहे.

[दृश्य: बर्नरच्या तळाशी असलेल्या निळ्या शंकूवर गोल खूण.]

तिसरी गोष्ट हा निळा शंकू. हवेची खिडकी पूर्ण उघडी असली की बर्नरच्या आतल्या शंकूचा रंग निळा-हिरवट असतो, आणि तो क्षारामुळे येत नाही. म्हणजे फोटोत एक ओळखीचा रंग आपसूक मिळाला. मोबाइल स्वतःच्या मनाने रंगांचा तोल साधतो. अंधाऱ्या खोलीत फक्त लाल उजेड दिसला तर तो लाल कमी करून निळं वाढवू शकतो. शंकू जांभळा किंवा राखाडी दिसत असेल, तर बाकीच्या रंगांवरही भरवसा ठेवता येत नाही. आपल्या फोटोत तो निळाच आहे. पुढे जाऊ.

[दृश्य: कडेच्या पट्ट्यावर चौकोनी खूण. बाजूला तीन आकडे.]

कडेच्या पट्ट्यातले आकडे वाचले. समजा लाल 210, हिरवा 35, निळा 60 आले. लाल ज्योतीचे नेहमीचे उमेदवार तीन: कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि लिथियम.

कॅल्शियमचा लाल रंग कॅल्शियमच्या अणूतून येत नाही. ज्योतीत कॅल्शियम, ऑक्सिजन आणि हायड्रोजन मिळून कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा एक अल्पजीवी रेणू बनतो आणि रंग त्याचा असतो. त्याचा प्रकाश रंगारंगांत फाकवला तर दोन ठळक पट्टे दिसतात. एक 622 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास नारिंगी-लाल, दुसरा 554 च्या आसपास हिरवा. दोन्ही मिळून डोळ्यांना विटकरी दिसतं आणि फोटोत हिरव्याचा आकडा वर जातो. आपल्याकडे हिरवा 35 वर आहे, म्हणजे लालच्या सहाव्या हिश्श्याइतका. ठळक विटकरी ज्योतीत हिरवा इतका खाली राहत नाही. कॅल्शियम बाद.

बारावीच्या क्षार-विश्लेषणात इथेच उत्तर मिळतं. त्या विश्लेषणाच्या पाचव्या गटात कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम असतात. बेरियम पोपटी जळतं, कॅल्शियम विटकरी, उरलं स्ट्रॉन्शियम. लिथियम त्या गटात येतच नाही. विद्यार्थी ‘स्ट्रॉन्शियम’ असं ठामपणे लिहितो आणि त्याचं बरोबर असतं, पण ते बरोबर येण्यात यादीचा वाटा मोठा आहे. बाटली कुठली हेच माहीत नसेल, तर तोच फोटो पुरेसा नाही.

आता उरले लिथियम आणि स्ट्रॉन्शियम. स्ट्रॉन्शियमला 461 नॅनोमीटरवर एक निळी रेषा आहे, मग निळ्याचा 60 हा आकडा तिचाच असेल का? असेल किंवा नसेलही. बर्नरची स्वतःची निळी ज्योत त्याच जागी मिसळलेली आहे. तारेपासून दूरच्या साध्या ज्योतीचा निळा आकडा वजा करून पाहिला, तरी जे उरतं ते इतकं थोडं असतं की त्यावर निकाल देणं बरं नव्हे. तीन आकड्यांमध्ये अनेक वेगवेगळ्या प्रकाशांची बेरीज दडलेली असते. बेरीज झाली की तिच्यातून मूळ संख्या परत काढता येत नाहीत.

[दृश्य: जुन्या काळातलं टेबल, तेलाचा दिवा, त्रिकोणी लोलक.]

हा पेच जुना आहे. 1834 मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने याच दोन लाल ज्योती लोलकातून पाहिल्या. स्ट्रॉन्शियमच्या ज्योतीत त्याला काळ्या फटींनी विभागलेल्या पुष्कळ लाल रेषा दिसल्या, शिवाय एक नारिंगी आणि एक ठसठशीत निळी. लिथियमच्या ज्योतीत एकच लाल रेषा होती. साध्या डोळ्याला सारखे दिसणारे दोन पदार्थ लोलकातून बघताच वेगळे कळतात, हे त्याने नोंदवून ठेवलं. बन्सन-किर्कहॉफच्या कामाच्या सव्वीस वर्षं आधी.

आणि हाच टॅलबट कागदावर निगेटिव्ह बनवून छायाचित्रणाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. लॅकॉक ॲबी या त्याच्या घराच्या खिडकीचं निगेटिव्ह 1835 चं आहे. ज्योत आणि फोटो, दोन्ही विषय एकाच माणसाच्या टेबलावर होते. रंगीत ज्योतीचा फोटो मात्र त्याच्या हयातीत घरगुती गोष्ट झाली नाही.

[दृश्य: हात सीडीवर चिकटपट्टी लावून चंदेरी थर उचलतात. पारदर्शक तुकडा मोबाइलच्या भिंगावर.]

लोलक नसेल तर जुनी सीडी चालते. सीडीवरच्या खाचा एकमेकींपासून 1.6 मायक्रोमीटर अंतरावर असतात. चंदेरी थर चिकटपट्टीने उचलून काढला की राहिलेला पारदर्शक तुकडा प्रकाश रंगारंगांत फाकवतो. काळ्या पुठ्ठ्याला अर्धा मिलिमीटर रुंदीची उभी चीर पाडायची आणि तो ज्योतीपासून सुरक्षित अंतरावर पुढ्यात उभा करायचा. मग मोबाइलच्या भिंगावर तुकडा धरून चिरेचा फोटो घ्यायचा. चीर नसेल तर ज्योतीची रुंदीच रेषांना फासटून टाकते. खाचा चिरेला समांतर आल्या की मधोमध चिरेची सरळ प्रतिमा दिसते आणि बाजूला रंगीत रेषा.

[दृश्य: नवा फोटो. काळ्या पडद्यावर चीर, उजवीकडे रेषा.]

आता ते शेंड्यावरचं पिवळं आठवा. सोडियमची रेषा 589 नॅनोमीटरवर असते, आणि सोडियम कधी टळत नाही. म्हणजे घाण म्हणून नको असलेली ती रेषा इथे फूटपट्टी बनते. आपल्या फोटोत चिरेपासून सोडियमची पिवळी रेषा 400 पिक्सेलवर आली असं धरू. त्रैराशिक मांडलं की लिथियमची 671 नॅनोमीटरची लाल रेषा 455 च्या आसपास पडायला हवी, आणि स्ट्रॉन्शियमची 461 ची निळी रेषा 313 च्या आसपास. भिंगाच्या कडेकडे प्रतिमा ताणली जाते, त्यामुळे दहा-एक पिक्सेल इकडेतिकडे झाले तर घाबरायचं कारण नाही.

फोटोत काय आहे? 410 पिक्सेलच्या जवळ, पिवळ्या रेषेला जवळपास चिकटून, एक नारिंगी पट्टा. त्यापुढे लाल रंगाचे दोन-तीन रुंद, धूसर पट्टे, मध्ये काळी जागा. आणि पलीकडे, 305 च्या जवळ, बारीक पण सुटी निळी रेषा. ही रेषा बर्नरच्या निळ्या उजेडात बुडत नाही, कारण तो उजेड पट्ट्यांत पसरला आहे आणि ही एका जागी उभी आहे. क्षाराशिवायच्या ज्योतीचाही असाच फोटो घेऊन शेजारी ठेवा. ही रेषा त्यात नसेल, तर ते स्ट्रॉन्शियम.

लिथियम असतं तर पिवळ्याच्या पुढे गडद लालात एकच बारीक रेषा दिसली असती. तीही थोडी अंधूक, कारण मोबाइलच्या सेन्सरवर अवरक्त किरण अडवणारी काच असते आणि तिची धार तांबड्याच्या टोकापासूनच लागते. पोटॅशियमचं तर पार वाटोळं होतं. त्याची मुख्य जोडी 766 आणि 770 नॅनोमीटरवर, म्हणजे त्या काचेच्या तावडीत. उरते ती 404 ची फिकट जांभळी रेषा आणि तिच्यावर स्वार झालेलं सोडियम. कोबाल्टच्या निळ्या काचेतून पिवळं गाळून डोळ्यांनी पाहिलं तर पोटॅशियम कळतं. ‘पोटॅशियमची ज्योत’ म्हणून काढलेल्या मोबाइल फोटोवर माझा विश्वास नाही.

[दृश्य: वॉच ग्लासमध्ये पांढरी भुकटी, त्यावर आम्लाचे थेंब.]

धातू सापडला, पण बाटलीत नेमका कोणता क्षार होता? स्ट्रॉन्शियम क्लोराइड, नायट्रेट की कार्बोनेट? इथे फोटो गप्प आहे. तारेवर घेण्याआधी क्षार संहत हायड्रोक्लोरिक आम्लाने ओला करतात, म्हणजे त्याचं क्लोराइड बनतं आणि ते ज्योतीत सहज उडतं. त्यामुळे ज्योतीत मूळ क्षारातल्या ऋणायनाची ओळख उरतच नाही. तांब्याच्या बाबतीत तर यामुळे फसगतही होते. मोरचुदाची ज्योत हिरवी असते, पण त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल पडलं की निळी छटा येते, कारण कॉपर क्लोराइडचा रेणू निळा प्रकाश देतो. ती निळाई पाहून ‘कॉपर क्लोराइड’ लिहिणारा खरं तर आपणच ओतलेलं आम्ल ओळखत असतो.

म्हणून या फोटोखाली लिहायचं ते इतकंच: धनायन स्ट्रॉन्शियम, ऋणायन अनिश्चित. पुढचं काम परीक्षानळीचं. मूळ क्षार, आम्ल न लावलेला, पाण्यात विरघळवायचा, त्यात विरल नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे आणि पांढरा साका येतो का ते पाहायचं. आला, तर क्लोराइड.