व्याजाचं व्याज कुठं झोपतं?

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मी बँकेतून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षं झाली. मुदत ठेवीच्या अर्जावर "व्याज कसं हवं?" असा एक रकाना असतो. माझ्या काउंटरवर सगळ्यात कमी वेळ त्याच रकान्याला मिळायचा. लोक व्याजदर दहादा विचारतील, वारसाचं नाव तीनदा तपासतील, आणि त्या रकान्यावर म्हणतील, "टाका साहेब, जे असन ते."

दोन भावांची गोष्ट सांगतो. वाटणीत जमिनीचा एक तुकडा विकला गेला आणि दोघांच्या वाट्याला पाच-पाच लाख आले. एकाच दिवशी, एकाच शाखेत, पाच वर्षांसाठी ७ टक्क्यांनं ठेवले. थोरल्यानं चक्रवाढ ठेव घेतली, म्हणजे व्याज मुदलात मिसळत जातं आणि शेवटी एकदम मिळतं. धाकट्यानं तिमाही व्याज मागितलं. तेव्हा धाकटा थोरल्याला म्हणाला होता, "दादा, तुह्यं व्याज तं पाच वर्षं बँकेतच कोंडून रायते. माह्यं तं दर तीन महिन्यानं हातात येते."

आता हिशोब बघा. ७ टक्के वर्षाचे म्हणजे तिमाहीचे पावणेदोन टक्के. पाच लाखांवर ८,७५० रुपये. पाच वर्षांत अशा वीस तिमाही. धाकट्याच्या हाती एकूण १,७५,००० व्याज आलं. थोरल्याला मुदतीअखेर ७,०७,३८९ रुपये मिळाले, म्हणजे २,०७,३८९ व्याज. फरक ३२,३८९ रुपयांचा.

हे ३२,३८९ नीट समजून घ्या, कारण सगळा वाद तेवढ्यापुरताच आहे. पाच लाखांवरचं व्याज दोघांनाही सारखंच मिळालं. हा वरचा पैसा व्याजावरचं व्याज आहे. थोरल्याचे पहिल्या तिमाहीचे ८,७५० रुपये पुढच्या एकोणीस तिमाही राबले आणि १२,१६६ झाले. विसाव्या तिमाहीचे ८,७५० मात्र मुदत संपली त्याच दिवशी आले, त्यांना राबायला एक दिवसही मिळाला नाही. म्हणून "चक्रवाढ बरी की तिमाही?" हा प्रश्न मी उलटा विचारतो: ते ८,७५० रुपये आले की जाऊन झोपतात कुठं?

धाकट्याचे बचत खात्यात झोपत होते. बचत खात्याला अडीच टक्के धरले आणि त्यानं एक रुपयाही काढला नाही असं मानलं, तर पाच वर्षांनी त्याच्याकडं मुद्दल धरून ६,८५,७९१ रुपये होतात. थोरल्यापेक्षा साडेएकवीस हजारांनी कमी. आणि "काढला नाही" हे मी हिशोबापुरतं म्हणतो. पासबुकात प्रत्येक व्याजाच्या नोंदीखाली आठवडाभरात पैसे काढल्याची नोंद होती. त्यात गैर काही नाही, पैसा वापरायलाच असतो. पण मग "माझी ठेव कमी का भरली?" असं विचारू नये.

तेच पैसे त्यानं दर तिमाहीला नव्या छोट्या मुदत ठेवीत टाकले असते तर? तिथं ७ टक्केच मिळाले असते तर दोघं बरोबरीत आले असते, रुपयाचाही फरक नाही. पण दर बदलत राहतात. नव्या ठेवींना सगळा काळ ६ टक्के मिळाले असते तर धाकटा साधारण पाच हजारांनी मागं राहिला असता. ८ टक्के मिळाले असते तर पाच हजारांनी पुढं. पाच लाखांवर पाच वर्षांत पाच हजार! एवढ्यासाठी वीस पावत्या सांभाळायच्या का, ते तुम्ही ठरवा. माझ्याकडून तरी ते झालं नसतं. थोरल्याच्या चक्रवाढ पावतीची खरी ताकद इथं आहे: मुदलाबरोबर पुढं येणाऱ्या व्याजाचाही दर पहिल्याच दिवशी बांधला जातो.

कोणी म्हणेल, म्युच्युअल फंडात टाकू, तिथं जास्त मिळतं. मिळेलही. पण हे वीस हप्ते बाजारात सरासरी किती काळ राहतात? दोन वर्षं साडेचार महिने. शेअर बाजाराच्या दृष्टीनं हा काळ तोकडा आहे. मुदत संपते त्याच वर्षी बाजार पडला, तर धाकटा बचत खात्यापेक्षाही मागं जाऊ शकतो.

आपल्या भागात मात्र व्याज गुंतवायची एक जागा अशी आहे जी कुठल्या तक्त्यात नसते, ती म्हणजे कृषी केंद्राची उधारी. जूनमध्ये बियाणं, खत उधार उचलायचं आणि कापूस विकून डिसेंबरात फेडायचं. दुकानदार महिन्याला २ टक्के लावत असेल, तर ८,७५० च्या मालावर सहा महिन्यांत १,०५० रुपये जातात. तेच ८,७५० ठेवीत सहा महिने ७ टक्क्यांनं राहिले तर ३०९ रुपये मिळवतात. म्हणजे जूनच्या तिमाहीचं व्याज रोखीनं खत घ्यायला वापरलं, तर ते तिपटीहून जास्त कमावतं. पण अट कडक आहे. डिसेंबरात कापसाचा चुकारा आला की ९,८०० रुपये परत बाजूला ठेवायचे, दुकानदाराला दिले असते तसेच. नाही ठेवले, तर ती बचत झाली नाही, घरखर्च झाला.

दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली कराची. चक्रवाढ ठेवीचं व्याज हाती आलं नसलं तरी बँक ते दरवर्षी तुमचं उत्पन्न धरते. एका बँकेतलं तुमचं वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं (ज्येष्ठांसाठी १ लाख), की टीडीएस कापला जातो आणि बहुतेक वेळा त्याच ठेवीतून जातो. मग पावतीवर छापलेली शेवटची रक्कम मिळत नाही आणि माणूस शाखेत येऊन भांडतो. या भावांच्या ठेवीत पाचव्या वर्षाचं व्याजही ४७ हजारांच्या आसपास होतं, म्हणजे आजच्या मर्यादेत ते वाचले असते.

दुसरी गोष्ट विम्याची. बँक बुडाली तर ठेव विमा एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे. थोरल्याची ठेव पहिल्या तिमाहीनंतरच त्या रेषेच्या वर गेली आणि शेवटी दोन लाखांवर रक्कम उघडी राहिली. धाकट्यानं व्याज उचलून दुसऱ्या बँकेत ठेवलं असतं तर त्याचं जवळपास सगळं झाकलेलं राहिलं असतं. मोठ्या सरकारी बँकेत ही चिंता मी करणार नाही. लहान सहकारी बँकेत नक्की करीन. आणि पतसंस्थेला तर हा विमाच नाही, तिथं हा हिशोबच लागू होत नाही.

मागून एका काकूंनी विचारलं, "मंग जूनचं व्याज पेरणीच्या आधी हाती याले ठेव कवा करायची?" चांगला प्रश्न. बँक ठेवीच्या तारखेपासून तिमाही मोजत असेल, तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठेव करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात व्याज येईल. पण काही ठिकाणी ठरलेल्या तिमाहीच्या शेवटी, म्हणजे ३० जूनला, व्याज जमा होतं. तेव्हा पाऊस वेळेवर आला असेल तर पेरणी उरकलेली असते आणि उधारीही उचलून झालेली असते. म्हणून काकू, सही करायच्या आधी काउंटरवरच्या पोराला एवढंच विचारा, "माह्यं व्याज कोणत्या तारखेले पडन?"