एकाच कामावर दोघांचा हक्क? ‘मिळून करा’ म्हणू नका

नमस्कार मंडळी! एकच प्रश्न सारखा येतोय: टीममधले दोघंही म्हणतात ‘हे काम माझं’, मग लीडने काय करायचं? दोघांचं शांतपणे ऐका, चारचौघांत बोलू नका, हे तुम्हाला माहीत आहेच. पुढं जाऊ.

कमेंटमध्ये एका ताईंनी लिहिलंय, ‘मी सांगितलं, दोघं मिळून करा.’ ताई, हेच नको. मीही सांगलीत हेच केलं होतं.

साखर कारखान्याचं सॉफ्टवेअर होतं. बोर्डावर काम लिहिलेलं, ‘काट्याचं वजन बिलात आणणं’. काट्याचा भाग करणारा मुलगा म्हणे माझं, बिलाचा भाग करणारी मुलगी म्हणे माझं. मी म्हटलं, मिळून करा. उसाचं निव्वळ वजन म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं, त्यातून मोळ्यांच्या बांधणीची वजावट. ती वजावट दोघांनीही आपापल्या कोडमध्ये केली! चाचणीत पावतीवरचं वजन आणि बिलातलं वजन जुळेना. उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे असतात, तिथं अशी चूक गेली असती तर शेतकऱ्याला काय तोंड दाखवलं असतं?

मग मी दोघांना वेगवेगळं बसवून एकच गोष्ट लिहायला लावली: हे काम संपलं, हे तुला कशावरून कळेल? त्यानं लिहिलं, ‘रिकामी गाडी काट्यावरून उतरली की निव्वळ वजन पक्कं.’ तिनं लिहिलं, ‘शेतकऱ्याच्या बिलात रक्कम बरोबर.’ म्हणजे दोघंही खरंच बोलत होते. एका नावाखाली दोन कामं लपली होती. निव्वळ वजन पक्कं होतं तिथं रेघ मारली. अलीकडचं त्याचं, वजावटीसकट. पलीकडचं तिचं, आणि तिनं वजनाला हात लावायचा नाही.

काम करणारे चार असू देत, जबाबदार नाव एकच. दुसऱ्या बाजूनं बघा: रात्री दहाला कारखान्यातून फोन आला, तर तो कुणी उचलायचा? दोन नावं असली की दोघांनाही वाटतं, दुसरा उचलेल. आणि तिसरं, वजावटीचा नियम बदलला तर ‘हो’ कोण म्हणणार? इथं दोघं ‘हो’ म्हणाले, म्हणून तर ती दोनदा कापली गेली. दुसऱ्याचं मत जरूर घ्या, कोड तपासायला त्यालाच द्या, पण शेवटचा शब्द एकाचा.

रेघ मारूनही दोघांना तोच तुकडा हवा असेल, तर भांडण कामाचं नाही, श्रेयाचं आहे. तिथं कामाची वाटणी उपयोगाची नाही. कारखान्यासमोर डेमो कोण देणार, हे आधी विचारा. आमच्याकडे गाडी काट्यावरून उतरेपर्यंत त्यानं दाखवलं, बिल छापून तिनं हातात दिलं.