फिकट चट्टा, फोटो आणि पेनाचे टोक

श्रोतेहो, नमस्कार. आजचे माझे बोलणे मुख्यतः आशाताई आणि आरोग्यसेवक यांच्यासाठी आहे. संशयित चट्ट्याचा फोटो काढून तो वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. परंतु फोटोत रंग दिसतो, बधिरपणा दिसत नाही, आणि कुष्ठरोगाच्या चट्ट्याची खरी ओळख तर बधिरपणातच असते.

आधी रंगाविषयी सांगतो. कुष्ठरोगाचा चट्टा भोवतीच्या त्वचेपेक्षा फिकट, लालसर किंवा तांबूस असतो. तो दुधासारखा पांढराशुभ्र नसतो. पूर्ण पांढरा डाग दिसला, तर तो बहुधा कोडाचा असतो, आणि त्यात संवेदना शाबूत असते. छातीवर, पाठीवर बारीक कोंडा सुटणारे अनेक फिकट ठिपके हे बहुधा शिबे असते, तर खाज सुटणारा, कडेने पसरणारा डाग बहुधा गजकर्णाचा असतो. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो.

हा फिकटपणा इतका सौम्य असतो की फोनचा फ्लॅश तो सहज पुसून टाकतो. काही फोनमध्ये त्वचा उजळ आणि गुळगुळीत दाखवणारी सोय आपोआप चालू असते. ती असेल तर खरा चट्टा नाहीसा होतो. ती आधी बंद करावी. फोटो दिवसाच्या उजेडात, पण कडक उन्हात नव्हे, खिडकीजवळ किंवा ओसरीवर घ्यावा. एक फोटो थोडा दुरून घ्यावा, म्हणजे चट्टा शरीराच्या कोणत्या भागावर आहे ते कळते, आणि दुसरा जवळून, पण भोवतीची निरोगी त्वचा चौकटीत येईल असा घ्यावा, कारण तुलनेला काही नसेल तर फिकट म्हणायचे कशापेक्षा? अर्थात त्या व्यक्तीची परवानगी आधी घ्यावी, आणि चट्टा चेहऱ्यावर नसेल तर चेहरा फोटोत येऊ देऊ नये.

आता एक उदाहरण घेऊ. एका शेतमजूर बाईच्या उजव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला, कोपराखाली, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा फिकट चट्टा आहे. घरातल्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत तो जेमतेम दिसतो. ओसरीवर काढलेल्या फोटोत त्याची कड स्पष्ट होते आणि त्यातले केस विरळ झाल्याचे लक्षात येते. जवळून पाहिले तर चट्टा कोरडा आहे, घाम येण्याच्या दिवसांतही तिथे ओल नाही. संशय पक्का करायला इतके पुरेसे आहे, पण निदानाला नाही.

म्हणून तिथेच संवेदना तपासावी. त्यासाठी साधे बॉलपेन चालते. प्रथम तिचे डोळे उघडे असताना निरोगी त्वचेवर पेनाचे टोक हलके टेकवून दाखवावे आणि सांगावे, "बाई, जिथे स्पर्श होईल तिथे बोट ठेवा." मग डोळे मिटायला सांगावे. टोक अलगद आणि सरळ टेकवावे. दाबू नये, ओढू नये. कधी निरोगी जागी, कधी चट्ट्याच्या मध्यभागी, कधी कडेला, आणि मधूनमधून मुळीच न टेकवता थांबावे, म्हणजे ती अंदाजाने बोट ठेवत नाही ना, हे समजते. येथे एक चूक नेहमी होते: प्रत्येक वेळी "कळलं का?" असे विचारले जाते. त्या प्रश्नानेच स्पर्शाची वेळ कळते, आणि माणूस भिडेखातर होकार देतो. प्रश्न विचारू नये, बोट कुठे जाते ते पाहावे. या बाईने निरोगी जागी दर वेळी नेमके बोट ठेवले आणि चट्ट्याच्या मध्यभागी टोक टेकवले तेव्हा ती स्वस्थ बसून राहिली. टाचणी मात्र वापरू नये. तिने जखम होते आणि जंतुसंसर्गाचा धोका असतो.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. चेहऱ्यावर मज्जातंतूंचे जाळे दाट असल्याने तेथील चट्ट्यात संवेदना टिकून राहू शकते. लहान मूल खेळ समजून चुकीची बोटे दाखवते. आणि कुष्ठरोगाच्या एका प्रकारात अंगभर असंख्य अस्पष्ट डाग असतात, ज्यांत सुरुवातीला स्पर्श कळतो. अशा वेळी कानाच्या पाळ्या जाड झाल्या आहेत का, हातापायांना मुंग्या येतात का, करंगळीची शक्ती कमी झाली आहे का, हे पाहावे. म्हणून संवेदना आहे एवढ्यावरून संशयित व्यक्तीला घरी बसवू नये.

फोटोसोबत पाठवायच्या मजकुरात चट्टा कुठे आहे, किती दिवसांपासून आहे, एकूण चट्टे किती आहेत आणि पेनाच्या तपासणीत काय आढळले, हे चार शब्दांत लिहावे. चट्ट्यांची संख्या विशेष महत्त्वाची आहे, कारण पाचपर्यंत चट्टे आणि त्याहून अधिक चट्टे यांच्या वर्गीकरणात फरक होतो, आणि बहुविध औषधोपचाराचा कालावधी त्यावर ठरतो. म्हणून एका चट्ट्यावर न थांबता, पाठ, नितंब आणि मांड्या यांसह सर्व अंग, आडोसा करून आणि स्त्रियांच्या बाबतीत स्त्री कार्यकर्तीनेच, तपासावे.