वृत्तचितीवरची सर्वांत जवळची वाट

श्रोतेहो, वृत्तचितीच्या वक्रपृष्ठावर दोन बिंदू दिले आणि पृष्ठ न सोडता एकापासून दुसऱ्याकडे जायला सांगितले, तर आधी सरळ वर चढावे आणि मग गोल फिरावे, असे अनेकांना सुचते. हा मार्ग सर्वांत कमी लांबीचा नसतो. योग्य मार्ग शोधण्यासाठी वृत्तचिती एका उभ्या रेषेत कापून तिचे पृष्ठ सपाट पसरावे. त्यातून एक आयत मिळतो. त्याची एक बाजू वृत्तचितीच्या परिघाएवढी आणि दुसरी तिच्या उंचीएवढी असते. पसरताना पृष्ठ कुठेही ताणले किंवा आकसले जात नाही, त्यामुळे त्यावर काढलेल्या प्रत्येक रेषेची लांबी तीच राहते, आणि सपाट आयतात दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर सरळ रेषेचेच असते.

समजा, परिघ २४ सेंटिमीटर आहे, एक बिंदू खालच्या कडेवर आहे आणि दुसरा त्याच्यापेक्षा ८ सेंटिमीटर वर, परिघाच्या दिशेने उजवीकडे ६ सेंटिमीटर अंतरावर आहे. चढून मग फिरण्याचा मार्ग १४ सेंटिमीटरचा होतो. पायथागोरसच्या प्रमेयाने ६ आणि ८ यांच्या वर्गांची बेरीज १०० येते, म्हणून तिरकी रेषा केवळ १० सेंटिमीटरची आहे. आयत पुन्हा गुंडाळला की ही रेषा मळसूत्रासारखी चढते आणि तिचा चढ सर्वत्र सारखा असतो: ३ सेंटिमीटर फिरल्यावर ती बरोबर ४ सेंटिमीटर वर आलेली असते.

चूक होते ती कापण्याच्या जागेबाबत. काप या दोन बिंदूंच्या मधून, त्या ६ सेंटिमीटरच्या पट्टीतून गेला, तर आयतात ते १८ सेंटिमीटर लांब पडतात आणि सरळ रेषा सुमारे १९.७ सेंटिमीटरची येते. तीही गुंडाळल्यावर मळसूत्रच होते, पण उलट्या बाजूने फिरणारे आणि जवळपास दुप्पट लांब. म्हणून फिरण्याचे अंतर अर्ध्या परिघापेक्षा, इथे १२ सेंटिमीटरपेक्षा, जास्त येत असेल, तर काप दुसरीकडे घ्यावा.

अंतर नेमके १२ असेल, तर डावीकडून आणि उजवीकडून असे दोन मार्ग सारख्याच लांबीचे मिळतात. ५ सेंटिमीटर उंचीच्या वृत्तचितीत खालच्या कडेवरून वरच्या कडेवरच्या अशा समोरच्या बिंदूकडे जाताना ती लांबी १३ सेंटिमीटर येते. मात्र हे उत्तर फक्त वक्रपृष्ठापुरते खरे आहे. वरच्या सपाट झाकणावरून जायची मुभा मिळाली, तर सरळ ५ सेंटिमीटर चढून सुमारे ७.६ सेंटिमीटरचा व्यास ओलांडता येतो, आणि ती वाट सुमारे १२.६ सेंटिमीटरचीच भरते.